दोन सेकंदांचा हिशोब

जालन्याहून अंबडकडे जाताना रस्त्याच्या कडेला माझ्या मामांचं शेड आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून ते कोळप्याच्या फासा आणि वखराच्या पाशी करतात. पाटा तापवायचा, ठोकून आकार द्यायचा, पुन्हा लालबुंद करून तेलात विझवायचा. विझवायला तेल वापरलं तरी आमच्याकडे त्याला पाणी देणंच म्हणतात. पाणी दिलेलं पातं काचेसारखं कडक असतं, दगडावर आदळलं की तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा मंद तापवून त्याचं पाणी थोडं उतरवावं लागतं. हे उतरवणं पूर्वी मामा डोळ्याने करत, पात्यावर चढणारा रंग बघून. माल वाढला तेव्हा त्यांनी एक विजेची पेटी-भट्टी घेतली. ३ किलोवॅटची, सिंगल फेज, आत विटांच्या खाचांमध्ये कॉइल बसवलेली. त्यांच्या पात्यांना ४०० अंश लागतात. जरा जास्त तापलं तर धार लवकर बसते, कमी तापलं तर टोक तुटतं.

भट्टीसोबत आलेल्या पॅनलमध्ये एक साधा कंट्रोलर आणि एक कॉन्टॅक्टर होता. ४०० आले की खट् करून बंद, ३९५ ला पुन्हा खट् करून चालू. ऐकायला हिशोब बरोबर वाटतो. पण मी इलेक्ट्रिशियनचं काम करतो, आणि मामांनी मला बोलावलं तेव्हा त्यांची तक्रार साधीच होती, "एकाच घाण्यातल्या दोन फासा सारख्या निघत नाहीत रे."

मी एक दुपार स्टूल टाकून भट्टीसमोर बसलो आणि दर मिनिटाला आकडा वहीत लिहिला. कंट्रोलर ४०० ला बंद होत होता, तरी आकडा ४२५ पर्यंत चढत होता. मग खाली यायला लागला की ३९५ ला चालू होऊनही ३८० पर्यंत उतरत होता. असा झोका दर सात-आठ मिनिटांनी. कारण तपासायला फार शोधावं लागलं नाही. कॉइल बंद होते तेव्हा ती स्वतः ४०० वर नसते, लाल असते, आणि वीज गेल्यावरही तिच्यातली आणि मागच्या विटेतली उष्णता आत येतच राहते. शिवाय थर्मोकपल जाड नळीत बसवलेलं, त्याला खरी बातमी उशिरा कळते. जी पाती कॉइलच्या जवळ होती त्यांनी तर नळीतल्या थर्मोकपलपेक्षा मोठा झोका खाल्ला असणार. कंट्रोलर खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात दोनच गोष्टी होत्या, पूर्ण किंवा काहीच नाही, आणि दोन्ही तो उशिरा वापरत होता.

४०० वर नुसतं टिकून राहायला या भट्टीला किती वीज लागते हे आधी बघितलं. तिच्या पत्र्यातून, दारातून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच आत द्यायची असते. मी हाताने कॉन्टॅक्टर चालू-बंद करून अंदाज घेतला तेव्हा तो ९०० वॅटच्या आसपास निघाला, म्हणजे ३००० चे तीस टक्के. म्हणजे भट्टीला कायम तीस टक्के हवे होते आणि पॅनल तिला कधी शंभर, कधी शून्य देत होतं.

तीस टक्के द्यायचे कसे? कॉइल अर्धवट चालू होत नाही. पण वेळ वाटून देता येतो. दोन सेकंदांचा एक तुकडा घ्या. त्यातले ०.६ सेकंद कॉइल पूर्ण चालू, १.४ सेकंद पूर्ण बंद, पुन्हा दोन सेकंदांचा नवा तुकडा. कॉइल आणि विटा इतक्या जड असतात की दोन सेकंदांत त्यांना हे चालू-बंद जाणवतही नाही, त्यांच्या दृष्टीने सरळ ९०० वॅटच मिळत राहतात. हे काम कॉन्टॅक्टरकडून करून घेता येत नाही. दोन सेकंदांचा तुकडा म्हणजे तासाला १८०० वेळा खटका, आठ तासांच्या पाळीला १४,४०० वेळा. कॉन्टॅक्टरची टोकं भाराखाली दहा लाख खटके टिकतील असं धरलं तरी सत्तर दिवसांत त्यांचा निकाल लागतो. कॉन्टॅक्टरच ठेवायचा तर तुकडा वीस-तीस सेकंदांचा करावा लागतो. जाड भट्टीत तेही चालून जातं, हे मी मान्य करतो. मामांच्या भट्टीत नुसतं तेवढं केलं असतं तरी निम्मा त्रास गेला असता. पण कॉइल प्रत्येक तुकड्यात लाल होते आणि काळी पडते, फुगते आणि आकसते, आणि त्याने तिचं आयुष्य कमी होतं.

म्हणून आम्ही एसएसआर बसवला. सॉलिड स्टेट रिले. हाताच्या पंजात मावेल असा चौकोनी डबा, एका बाजूला कंट्रोलरच्या ३ ते ३२ व्होल्ट डीसीच्या दोन तारा, दुसऱ्या बाजूला मेनच्या दोन. आत हलणारं काहीच नाही, त्यामुळे झिजायलाही काही नाही. तो विजेची लाट शून्यावरून जाताना चालू होतो आणि शून्यावर येतानाच बंद होतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला अशा शंभर अर्ध्या लाटा येतात. दोन सेकंदांत दोनशे. तीस टक्के म्हणजे त्यातल्या साठ. ठिणगी नाही, आवाज नाही, शेजारच्या रेडिओत खरखर नाही.

पहिल्या दिवशी मामा भट्टी चालू करून बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, "बंद पडली का रे?" खट् ऐकू येत नव्हता म्हणून. मी त्यांना कंट्रोलरचा छोटा लाल दिवा दाखवला. भट्टी गार असताना तो सलग पेटलेला होता. ४०० च्या जवळ येऊ लागली तसा तो मधूनमधून विझू लागला, आणि शेवटी एका लयीत आला. थोडा पेटलेला, बराच विझलेला. मामा तो दिवा बराच वेळ बघत उभे राहिले. नंतर ते आकड्याकडे बघण्याऐवजी त्या दिव्याकडेच बघून सांगायला लागले की भट्टी तापतेय की टिकून आहे.

पण आकडा ४०० ला आला नाही. ३८८ ला येऊन थांबला. तासभर तिथेच. मामांना वाटलं कंट्रोलर खराब. खरं तर तो त्याला सांगितलेलंच करत होता. मी त्यात फक्त प्रमाण ठेवलं होतं, आणि पट्टा ४० अंशांचा. म्हणजे ३६० पर्यंत शंभर टक्के, तिथून पुढे कमी कमी करत ४०० ला शून्य. भट्टीला तीस टक्के हवेत. तीस टक्के त्याला ४०० च्या खाली १२ अंशांवरच मिळतात, कारण चाळीसचे तीस टक्के बारा. भट्टीला जेवढी वीज हवी तेवढी मिळण्यासाठी तिला तेवढंच खाली बसावं लागत होतं. हे कळल्यावर मला कंट्रोलरमधल्या दुसऱ्या खात्याचा, इंटिग्रलचा अर्थ पहिल्यांदा नीट समजला. तो राहिलेली तूट मिनिटामागून मिनिट जमा करत जातो आणि तेवढे टक्के वरून घालतो. आकडा ४०० ला बसला की ते तीस टक्के सगळे त्याच्या खात्यातून येतात. तो चालू केला आणि अर्ध्या तासात भट्टी ४०० ला आली, एक-दोन अंश इकडे-तिकडे.

त्याचे आकडे मी हाताने शोधले नाहीत. कंट्रोलरला `AT` नावाची सोय असते. ती चालू केली की कंट्रोलर मुद्दाम भट्टीला दोन-तीन झोके देतो, पूर्ण चालू, पूर्ण बंद, आणि झोका किती मोठा, किती वेळाचा हे मोजून स्वतःचे आकडे ठरवतो. ही रीत स्वीडनच्या ओस्ट्रॉम आणि हेगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. ज्या झोक्याने आमची पाती बिघडत होती तोच मोजून आता उपाय निघाला याचं मला फार समाधान वाटलं. फक्त ते करताना भट्टी रिकामी ठेवू नये. पाती भरून, रोजच्याच ४०० वर करावं, नाहीतर आकडे रिकाम्या भट्टीचे निघतात. आणि त्याआधी कंट्रोलरमध्ये तुकड्याची लांबी बघावी. आमच्या कंट्रोलरमध्ये ती `Ct` नावाने होती आणि कारखान्यातून २० आलेली होती, कॉन्टॅक्टर धरून. ती मी २ केली.

या सगळ्यापेक्षा मोठा फायदा मला पुढच्या महिन्यात दिसला, आणि तो मी अपेक्षिला नव्हता. शेडची लाइन ज्या डीपीवरून येते त्याच डीपीवर विहिरींचे पंप आहेत. पंपांची लाइट आली की सगळे एकदम सुरू होतात आणि शेडमध्ये व्होल्टेज १९० वर येतं. रात्री पंप बंद झाले की तेच २५० ला जातं. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, `P = V²/R`. २३० ला ३००० वॅट देणारी कॉइल १९० ला साधारण २०५० च देते आणि २५० ला ३५०० च्या पुढे जाते. पूर्वी याचा अर्थ असा की दिवसा भट्टी तापायला रड, आणि रात्री झोका आणखी मोठा. आता कंट्रोलर पंप चालू असताना ९०० वॅटसाठी ४४ टक्के देतो आणि रात्री २५ टक्के. आकडा ४०० वरच. दिव्याची लय बदलते, एवढंच.

त्या लयीने एक नवीन तक्रार आणली. मामी म्हणाल्या, "घरातला बल्ब दर दोन सेकंदाला डोळा मारतो, मला वाचता येत नाही." बरोबर होतं. १३ अँपियर दर दोन सेकंदांनी ओढले जात होते, आणि घर व शेड एकाच बारीक वायरवर. मीटरपासून भट्टीला स्वतंत्र जाड केबल टाकली तेव्हा डोळा मारणं बरंच कमी झालं. लांब, बारीक लाइनवर ज्यांची भट्टी आहे त्यांना हा त्रास होणारच. तुकडा दोनऐवजी दहा सेकंदांचा केला तर बल्ब कमी वेळा मिचकावतो, पण मिचकावतो. खरा उपाय वायरच आहे.

आता चुकीबद्दल. ती माझी होती.

एसएसआर बसवताना तो मी पॅनलच्या मागच्या पत्र्यावर नुसता दोन स्क्रूने आवळला. हीटसिंक नाही, मध्ये पेस्ट नाही. डब्यावर ४० अँपियर लिहिलं होतं, आमचा भार १३, मला वाटलं तिप्पट मोकळीक आहे. तो ४० चा आकडा चांगल्या हीटसिंकवर बसवलेल्या एसएसआरचा असतो. कॉन्टॅक्टरच्या टोकांत जवळजवळ काहीच व्होल्टेज अडत नाही, पण एसएसआर चालू असताना त्याच्यात एक-सव्वा व्होल्ट अडतोच. १३ अँपियरला तो पंधरा-सोळा वॅट होतो, आणि तेवढी उष्णता त्या छोट्या डब्यातून बाहेर पडायला हवी. भट्टी टिकून असताना तीस टक्क्यांवर ती पाच वॅट असते, तेव्हा काही बिघडत नाही. पण सकाळी गार भट्टी तापवताना तासभर शंभर टक्के चालू असतात. मे महिना होता, बाहेर ४२ अंश, पॅनल भट्टीच्या अंगाला, दार बंद.

त्या दुपारी भट्टी ४०० ला पोचली, पाती भरली आणि मामा जेवायला गेले. परत आले तेव्हा आकडा ६१२ होता. कंट्रोलरचा लाल दिवा विझलेला होता. म्हणजे कंट्रोलर बंद म्हणत होता आणि कॉइल तापत होती. मामांनी मेन पाडला आणि मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा एमसीबी बंदच होता. कॉइलच्या तारा सोडवल्या आणि एसएसआरच्या मेनच्या दोन टोकांत मीटर लावला. चांगल्या एसएसआरमध्ये तिथे मेगाओहम दिसायला हवेत. मीटरने टीं केलं, सरळ जोडलेली तार असल्यासारखं. आतला तुकडा जळून एकजीव झाला होता.

एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा तो असाच, चालू राहून बिघडतो. कॉन्टॅक्टरही कधीकधी चिकटतो, पण आधी त्याची टोकं काळी पडतात, आवाज बदलतो, काहीतरी सूचना मिळते. एसएसआर सकाळी ठीक आणि दुपारी शॉर्ट. ज्या कंट्रोलरवर आपण भरवसा ठेवतो त्याच्या हातात तेव्हा काहीच उरत नाही. तो शून्य टक्के मागतो आणि त्याला शंभर मिळतात.

साठ पाती होती. थंड झाल्यावर मामांनी एकावर कानस फिरवली. पाणी बरोबर असलेल्या पात्यावर कानस घसरत-घसरत धरते. ती इथे लोण्यासारखी रुतली. सगळं पाणी उतरलं होतं. लोखंड वाया गेलं नव्हतं, पुन्हा लाल करून विझवता आलं, पण दुसऱ्या वेळी काही पाती वाकली आणि काहींवर खवले धरले. दोन दिवसांची मजुरी गेली. मामा मला बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पुन्हा असं झालं तर ही स्वतःहून बंद होईल, असं काही करता येईल का?"

करता येतं, आणि ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. काढून टाकलेला जुना कॉन्टॅक्टर मी परत पॅनलमध्ये आणला. त्याच्याकडे आता चालू-बंद करण्याचं काम नाही. तो एसएसआरच्या आधी बसतो, सकाळी एकदा चालू होतो आणि संध्याकाळी एकदा बंद. पण त्याची कॉइल एका दुसऱ्या, स्वस्त, वेगळ्या लिमिट कंट्रोलरमधून जाते, आणि तो ४५० ला लावलेला आहे. तापमान तिथे गेलं की कॉन्टॅक्टर पडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा उठत नाही. हाताने उठवायची अट मी मुद्दाम ठेवली. आपोआप उठला असता तर भट्टी ४५० च्या खाली-वर होत राहिली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

या लिमिटला त्याचं स्वतःचं थर्मोकपल आहे. एकाच थर्मोकपलवरून दोघांना तारा देण्याचा मोह होतो, एक भोक वाचतं. पण पाती भरताना नळीला धक्का लागून थर्मोकपल बाहेर सरकलं तर कंट्रोलरला ८० अंश दिसतात, तो शंभर टक्के देत राहतो, आणि लिमिटलाही तेच ८० दिसतात. मग दुसरा पहारेकरी ठेवून उपयोग काय? थर्मोकपलची तार तुटली तर चांगला कंट्रोलर ते ओळखून वीज बंद करतो. सरकलेलं थर्मोकपल त्याला ओळखता येत नाही.

नवा एसएसआर आता पॅनलच्या बाहेर, पाकळ्या उभ्या ठेवून हीटसिंकवर आहे, मध्ये पांढरी पेस्ट, आणि भट्टीपासून दोन फूट लांब. तासभर शंभर टक्के चालल्यावरही हीटसिंकवर हात ठेवून राहता येतं. फेज त्याच्यातूनच जातो, न्यूट्रल नाही. चुकून न्यूट्रलमध्ये घातला तर आकडे सगळे बरोबर येतात, पण एसएसआर बंद असतानाही कॉइल फेजवर राहते.

एसएसआर फेजमध्ये असला तरी बंद स्थितीत त्याच्यातून थोडा प्रवाह गळतच असतो, काही मिलिअँपियर. मामांनी एकदा कॉइलचा सैल नट आवळायला भट्टीचं मागचं झाकण उघडलं. कंट्रोलर बंद होता म्हणून वीज नाही असं त्यांना वाटलं. एका टोकाचा नट त्यांनी काढलाही होता. मी सवयीने दुसऱ्या टोकाला टेस्टर लावला तर तो पेटला. त्यांनी हात मागे घेतला. त्यानंतर पॅनलच्या दारावर खडूने नाही, पेंटने लिहिलं आहे: एमसीबी पाडल्याशिवाय झाकण उघडू नये.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पाती भरायच्या आधी, मामा लिमिटचा आकडा ४५० वरून ३५० ला आणतात आणि भट्टी तापू देतात. ३५० ला कॉन्टॅक्टर खट् करून पडला पाहिजे. पडला की ते आकडा परत ४५० करतात, बटण दाबतात आणि काम सुरू करतात. ज्यांच्या भट्टीत, ओव्हनमध्ये एसएसआर आहे आणि त्याच्या आधी असा कॉन्टॅक्टर नाही, त्यांनी तो बसवल्याशिवाय भट्टी तापत ठेवून जेवायला जाऊ नये.